वाळू तापते, समुद्र का तापत नाही? घरच्या घरी मोजून बघा

बेळगाव-खानापूरकडची माणसं चोर्ला घाट उतरून गोव्याच्या समुद्रावर जातात किंवा कारवार गाठतात. दुपारी बारा वाजता तिथली कोरडी वाळू तळपायाला चटका देते. दहा पावलं पुढे पाण्यात पाय टाकला की गार वाटतं. ऊन दोन्हीकडे एकच, पण फरक पडतो तो विशिष्ट उष्माधारकतेमुळे. एक ग्रॅम पदार्थ एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती त्या पदार्थाची विशिष्ट उष्माधारकता. गोड्या पाण्याची ४.१८ ज्यूल आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याची सुमारे ४ ज्यूल. वाळूची किती, ते आपण स्वतः काढू.

साहित्य : कोरडी वाळू, स्टीलचा थर्मास, स्टीलचा पेला आणि झाकण, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर. ताप मोजायचा थर्मामीटर वापरू नका, तो ४२ अंशांच्या आसपास संपतो. मलप्रभेची वाळू उत्तम, पण बांधकामावरची एम-सँडही चालेल.

१. वाळू धुऊन दिवसभर उन्हात घाला, मग तव्यावर मंद आचेवर परता. निवली की २०० ग्रॅम मोजून पेल्यात घ्या.

२. पेला झाकून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात उभा ठेवा. थेट गॅसवर ठेवलात तर तळाची वाळू भाजते आणि वरची कोमटच राहते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. वाळू त्याच्या थोडी खालीच राहील. दर पाच मिनिटांनी चमच्याने ढवळा. पेल्याच्या मध्यभागीही ९० अंश दिसेपर्यंत धीर धरा, कारण वाळूतून उष्णता फार सावकाश सरकते.

३. थर्मासमध्ये २०० ग्रॅम साधं पाणी घ्या आणि त्याचं तापमान लिहून ठेवा. समजा ते २८ अंश आहे.

४. वाळू एका दमात थर्मासमध्ये ओता, झाकण लावून हलवा आणि लगेच तापमान बघा. पारा जिथे सर्वांत वर जाईल तो आकडा घ्या. समजा तो ३८ अंश आला.

आता हिशोब. सूत्र एकच :

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातला फरक

पाणी १० अंशांनी तापलं, म्हणजे त्याने २०० × ४.१८ × १० = ८३६० ज्यूल घेतले. ही उष्णता वाळूने दिली, आणि ती देताना वाळू ९० वरून ३८ वर, म्हणजे ५२ अंशांनी उतरली. म्हणून वाळूची विशिष्ट उष्माधारकता = ८३६० ÷ (२०० × ५२) = ०.८० ज्यूल. समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ पाचवा हिस्सा!

तुमचं उत्तर ०.७ च्या आसपास आलं, तर ओतताना उष्णता हवेत गेली किंवा थर्मासने थोडी खाल्ली, असं समजा. ०.९ च्या वर गेलं, तर वाळूत ओल होती. ती ओळखायची खूण सोपी आहे : तापवताना झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात. २०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम ओल राहिली, तरी उत्तर ०.९७ पर्यंत चढतं.

पण किनाऱ्यावरचा फरक पाचपटीपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि हे बहुतेक ठिकाणी सांगायचं राहून जातं. वाळूत उष्णता वरच्या काही सेंटिमीटरांतच अडकते. पाण्यात मात्र ऊन खोल शिरतं आणि लाटा वरचं पाणी खाली घुसळत राहतात. एक चौरस मीटर जागा धरा. वाळूचा ५ सेंटिमीटरचा थर सुमारे ८० किलो भरतो, तर तेवढ्याच जागेवरचं मीटरभर खोल समुद्राचं पाणी १०२५ किलो. दोन्हींना ६,४०,००० ज्यूल दिले, तर वाळू १० अंशांनी तापेल आणि पाणी जेमतेम ०.१६ अंशाने. शिवाय पाण्याच्या वाफेबरोबर काही उष्णता निघून जाते, ती वेगळीच. रात्री हाच हिशोब उलटा चालतो : तेवढीच उष्णता गमावून वाळू १० अंशांनी निवते, समुद्राला त्याचा पत्ताही लागत नाही.

लाटेने भिजलेली वाळू कोरडीइतकी का पोळत नाही, तेही यातूनच कळतं. १०० ग्रॅम कोरडी वाळू एका अंशाने तापवायला ८० ज्यूल लागतात. तिच्यात २० ग्रॅम समुद्राचं पाणी मुरलं, की आणखी ८० लागतात. म्हणजे वाळू तीच, पण उष्णता दुप्पट.