"काम झाल्यावर" म्हणजे नक्की केव्हा? काम सोपवताना या चुका टाळा

इंदुरात राजवाड्याजवळच्या एका कापड दुकानाची वेबसाइट मी केली होती. ठरले 60 हजार. अर्धे आधी, अर्धे "काम झाल्यावर". काम संपले तशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली, "काका, झालंय, बघून घ्या." निळ्या खुणा आल्या. चार दिवसांनी काकांनी रंग बदलायला सांगितला, मग मुलाने बॅनर, मग जावईबापूंनी फोनवर अख्खा मेनू. दरवेळी तेच इंदुरी पालुपद: "बस एक छोटा-सा चेंज, भिया." तीन महिने गेले, 30 हजार तिथेच. चूक माझीच होती. काम झाले हे ठरवायचे कसे, ते मी कुठेच लिहिले नव्हते.

आता कोटेशनमध्येच लिहितो: सोपवल्यापासून सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारले असे धरले जाईल. ही ओळ आधीच मान्य करून घ्यायची. शेवटच्या मेलमध्ये पहिल्यांदा टाकलीत तर समोरचा गप्प बसला म्हणून ती त्याला बांधत नाही.

काम सोपवायचे ईमेलने, तारीख घालून. त्यात प्रत्येक कामापुढे तपासायची कृती द्यायची: "चाचणी ऑर्डर टाका, दुकानाच्या पत्त्यावर मेल येतो का बघा." "छान दिसायला हवी" हा निकष नव्हे, त्यावर जावईबापूंचे मत कायम वेगळे असणार. हरकती एकाच माणसाने, एकाच यादीत पाठवायच्या.

यादी आली की तिचे दोन भाग करा. लिहून दिलेले चालत नसेल तो दोष. तो फुकट दुरुस्त करायचा, कितीही वेळा. लिहिलेलेच नव्हते तो बदल. अशा बदलांच्या दोन फेऱ्या किमतीत धरतो, तिसरीपासून वेगळे पैसे. ऑर्डरचा मेल जात नाही, हा दोष. दुकानाने स्वतःच चुकीचा फोन नंबर दिला होता, तर तो बदल. इथे भांडण होतेच, म्हणून हे उदाहरण मी कोटेशनमध्येच घालतो.

सपोर्टचे 30 दिवस स्वीकृतीच्या तारखेपासून मोजा, आणि फक्त दोषांसाठी. होस्टिंगचे नूतनीकरण, पेमेंट गेटवेची केवायसी आपल्याकडे नाही, हेही लिहा. दिवाळीच्या आठवड्यात पेमेंट बंद पडले की पहिला फोन तुम्हालाच येतो.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यवसायाला 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचा आधार आहे. 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर काम सोपवल्याचा दिवसच स्वीकृतीचा धरतात, आणि करारात काहीही लिहिले तरी पैसे त्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात.

आधीच अडकला असाल तर आजवरचे सगळे बदल दोन रकान्यांत मांडून मेल करा: ठरलेले आणि जादा. जादाचा दर पुढे लिहा, उत्तरासाठी तारीख द्या. काकांना मी अखेर हेच पाठवले. जादाच्या रकान्यात 14 ओळी निघाल्या. त्यांनी त्यातल्या 11 स्वतःच खोडल्या.