फोटोपेक्षा वेगळ्याच रंगाचा सोफा आल्यास परतीचे तक्रारपत्र कसे लिहावे

अशा तक्रारीला विक्रेत्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘स्क्रीननुसार रंगात थोडा फरक दिसू शकतो.’ म्हणून पत्र असे लिहावे की या उत्तराला त्यात आधीच जागा उरणार नाही.

पत्राला हात घालण्यापूर्वी सोफ्याखालचे किंवा खोक्यावरचे लेबल पाहावे आणि त्यावरील रंगाचे नाव मागणीच्या पावतीशी ताडून घ्यावे. नाव वेगळे असेल तर चुकीचा माल आला आहे आणि रंगावर वाद घालण्याचे कारणच नाही. नाव तेच असेल तर संकेतस्थळावरील छायाचित्र दिशाभूल करणारे होते, हे आपल्याला दाखवावे लागते. पुढील मजकूर या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

विक्रेत्याने पान बदलण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तेच पान दुसऱ्या एखाद्या उपकरणावरही उघडून पाहावे. सोफ्याचा फोटो दिवसा, खिडकीजवळ, घरातले दिवे आणि फ्लॅश बंद ठेवून काढावा, कारण पिवळ्या दिव्याखाली राखाडी कापडही मातकट दिसते. कापडावर एक कोरा पांढरा कागद ठेवावा. फोटोत कागद पांढराच दिसला, तर कॅमेऱ्याने रंग बदलला असे म्हणता येत नाही. कापड मखमली असल्यास हात फिरवून सगळी लव एका दिशेला करून घ्यावी, नाहीतर एकाच बैठकीवर गडद आणि फिकट असे दोन पट्टे दिसतात आणि आपलाच पुरावा लंगडा पडतो.

आता पत्र. वर मागणी क्रमांक, सोफ्याचे आणि रंगाचे नाव व माल मिळाल्याची तारीख द्यावी. ‘रंग आवडला नाही’ असे चुकूनही लिहू नये, कारण त्यामुळे तक्रार आवडीनिवडीची ठरते. ‘फिकट’, ‘गडद’ या शब्दांवरही भागवू नये. रंगच वेगळा आहे, हे सांगावे. उदाहरणार्थ:

‘आपल्या संकेतस्थळावर हा सोफा निळसर राखाडी दिसतो. मला मिळालेल्या सोफ्याचे कापड शेवाळी हिरवे आहे. आपले पान मी दोन वेगवेगळ्या उपकरणांवर पाहिले असून दोन्हींवर रंग राखाडीच दिसतो. त्यामुळे हा फरक स्क्रीनचा नाही. दिवसाच्या उजेडात, पांढरा कागद शेजारी ठेवून काढलेले फोटो व पानाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. सोफा वापरलेला नाही आणि त्याचे मूळ वेष्टन जपून ठेवले आहे. कृपया आपल्या खर्चाने सोफा परत न्यावा व वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. या पत्राचे लेखी उत्तर दहा दिवसांत मिळावे.’

वापराबद्दलचे वाक्य खरे असेल तरच लिहावे. पत्र परतीच्या मुदतीच्या आत, पोच मिळेल अशा मार्गाने पाठवावे. नंतर दूरध्वनीवर काही सवलत देऊ केली गेली, तर ती लेखी मागावी आणि तोवर सोफा खोलीत न मांडता बाजूला झाकून ठेवावा.