लोह उतरवायची गोळी चालू करायच्या आधी

पोराला डेफेरासिरॉक्स चालू करायचं डॉक्टरांनी सांगितलं की लगेच मेडिकलकडे पळू नका. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम सांगणारी रक्ततपासणी. तेही दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, एकाच लॅबमध्ये. थोरलीच्या वेळी आमचं नेमकं हेच राहिलं. आता धाकट्याची गोळी चालू व्हायची आहे, म्हणून ही यादी लिहून ठेवतोय. निपाणी, चिकोडी, खानापूरकडं ज्यांच्या घरी थॅलेसेमियाचं मूल आहे त्यांनीही बघून घ्यावी.

फाईल, रक्त चढवल्याच्या तारखा, साठलेलं लोह सांगणाऱ्या फेरिटिनचा रिपोर्ट हे सगळ्यांकडं असतंच. पण तारखेपुढं नुसतं ‘एक पिशवी’ लिहिलेलं असतं, ते चालत नाही. किती मिली गेलं ते नर्सताईंना विचारून लिहा, कारण गोळीचा सगळा हिशोब त्यावर आहे. समजा मूल वीस किलोचं आहे आणि दर तीन आठवड्यांनी त्याला ३०० मिली पॅक्ड सेल चढतात. त्यातून साधारण २०० मिलिग्रॅम लोह अंगात येतं, म्हणजे रोजचं साडेनऊ मिलिग्रॅम. शरीर आपणहून रोज बाहेर टाकतं ते जेमतेम एक मिलिग्रॅम, लहान मुलात त्याहून कमी. जादा लोह काढून टाकायची सोयच शरीरात नाही. रक्तातलं लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन एकदा भरलं की उरलेलं मोकळं लोह यकृतात, हृदयात आणि वाढीच्या ग्रंथींत जाऊन बसतं.

गोळी हे मोकळं लोह पकडते. डेफेरासिरॉक्सचे दोन रेणू मिळून लोहाचा एक अणू धरतात आणि तो पित्तावाटे शौचातून बाहेर पडतो. विरघळणाऱ्या गोळीचा सुरुवातीचा डोस सहसा किलोमागं २० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या वीस किलोच्या मुलाला ४००. कागदावर ४०० मिलिग्रॅमनं तीस मिलिग्रॅम लोह धरायला हवं, पण प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच निघतं. म्हणजे आठ ते दहा. येतंय साडेनऊ, जातंय जवळपास तेवढंच. आधी साठलेलं उतरवायचं तर डॉक्टर डोस वाढवत किलोमागं तीसपर्यंतही नेतात. आठवड्यातून दोन दिवस गोळी चुकली तर हिशोब उलटा फिरतो. ‘तीन महिने घेतली, फेरिटिन हललं नाही, औषध नकली आहे’ म्हणणाऱ्यांनी हे गणित मांडून बघावं. शिवाय ताप असला की फेरिटिन नुसत्या तापानंही चढतं, तेव्हा तापाच्या आठवड्यात ते तपासूच नका.

डोस वाढणार म्हटलं की मूत्रपिंडं ते सोसतात का, हा प्रश्न आलाच. म्हणून परत सांगतो, क्रिएटिनिन. या गोळीनं बऱ्याच जणांचं क्रिएटिनिन थोडं वर जातं आणि तिथंच थांबतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. थोडं की फार, हे मात्र सुरुवातीच्या आकड्याशी ताडूनच कळतं. तो आकडा नसेल तर डॉक्टर तरी कशाशी ताडणार? एकच रिपोर्ट पुरत नाही, कारण मूल पाणी कमी प्यायलं असेल तर त्या दिवशीचा आकडा उगाच वर दिसतो. दोन काढायचे आणि सरासरी धरायची.

वीस किलोचं, ११० सेंटिमीटर उंचीचं तेच मूल घ्या. गोळीआधी क्रिएटिनिन ०.३८ आणि ०.४२, सरासरी ०.४०. दीड महिन्यानं आलं ०.६२. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब रिपोर्टवर मोठ्या माणसांची मर्यादा छापतात, ०.६ ते १.२. त्यामुळं गंमत अशी होते की पहिल्या, चांगल्या रिपोर्टवर ‘लो’ असा ठळक शेरा आणि बिघडलेल्या रिपोर्टवर काहीच नाही. घरचे म्हणतात, बरं झालं, नॉर्मल आलं! खरं तर उंची धरून हिशोब केला तर मूत्रपिंडांची गाळण ११४ वरून ७३ वर आलेली असते, एक तृतीयांशाहून जास्त घट. अशा वेळी डॉक्टर आठवड्याच्या आत तपासणी परत करायला लावतात, आणि आकडा तसाच राहिला तर डोस कमी करतात. सुरुवातीचे दोन कागद नसतील तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि लॅब एकच. आपल्या सीमाभागात रक्त बेळगावात, डॉक्टर कोल्हापूर नाहीतर मिरजेचे आणि तपासणी गावातल्या चौकात, असा कारभार असतो. क्रिएटिनिन मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत. लहान मुलाचा आकडाच एवढा बारीक की पद्धत बदलली तरी तो हलतो. एक लॅब धरा, तिथंच जा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला जावं लागेल, पुढं महिन्याला एकदा, त्याच्या सोबत लघवीतलं प्रोटीन आणि यकृताचे एन्झाइम. ते दोन आधीचे रिपोर्ट फाईलच्या अगदी वर लावा, आत खुपसू नका.

वजन आजचं करा, गेल्या दिवाळीचं नको. पट्टीवरचं नाव नीट वाचा. पाण्यात विरघळणारी गोळी वेगळी आणि वरून आवरण असलेली वेगळी. आवरणवालीला किलोमागं २० च्या जागी १४ धरतात. दुकानदारानं ‘तेच आहे हो’ म्हणून बदलून दिली तर घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

विरघळणारी गोळी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन ढवळायची, दुधात नाही. तळाशी पांढरा गाळ राहतो, त्यात परत थोडं पाणी घालून तेही पाजायचं, औषध त्या गाळातच असतं. नाश्त्याच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी. रोज एकाच वेळेला.

उलटी-जुलाब लागले, मूल सुकलं, की गोळी त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन. पावसाळ्यात हे हमखास होतं. अंगात पाणी नसताना हीच गोळी मूत्रपिंडं बिघडवते. शौच काळी झाली तरी थांबवा. पोट दुखतंय म्हणून मनानं अॅसिडिटीचं पातळ औषध देऊ नका, त्यातल्या अॅल्युमिनियमशी हिचं जमत नाही. दुखण्याच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत.

डोळे आणि कान एकदा आधी तपासा, मग वर्षाला. हृदयाचा एमआरआय डॉक्टर सांगतील तेव्हा, त्यातला हृदयातलं लोह सांगणारा टी-टू-स्टार हा आकडा २० च्या वर हवा. खजूर, गूळ, बीट घेऊन येणाऱ्या मावशी-काकूंना चहा पाजा आणि पिशवी परत द्या. व्हिटॅमिन सी मनानं नको.

बाकी पिशवी, पाण्याची बाटली, एसटीचे सुट्टे पैसे तुमचं तुम्ही बघा. दुसरं क्रिएटिनिन झालं का?