कन्सोल, लॅपटॉप आणि फोन: माइनक्राफ्टच्या एका जगात एकत्र शिरण्याआधीची तयारी

तिघे मित्र तीन ठिकाणी आहेत. एकाकडे पीएस ५, दुसऱ्याकडे विंडोज लॅपटॉप आणि तिसऱ्याकडे फक्त अँड्रॉइड फोन. शनिवारी रात्री तिघांना एकाच जगात घर बांधायचंय, खाणी खणायच्यात. अशा त्रिकुटासाठी मी सगळ्यात आधी माइनक्राफ्टचं नाव घेतो, कारण तिन्ही यंत्रांवर तो पूर्ण खेळ म्हणून चालतो आणि कुणाच्या वाट्याला त्याची कापलेली आवृत्ती येत नाही. पण त्या रात्रीचा पहिला तास लॉगिन आणि अपडेटमध्ये जायला नको असेल, तर पुढची कामं आदल्या दिवशीच उरकून ठेवा.

सुरुवात खेळाच्या आवृत्तीपासून. माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत, जावा आणि बेडरॉक. कन्सोल आणि फोनवर बेडरॉकच मिळते, आणि जावावाल्याला बेडरॉकच्या जगात थेट येता येत नाही. म्हणजे इथे प्रश्न फक्त लॅपटॉपवाल्याचा. विंडोजवर २०२२ पासून दोन्ही आवृत्त्या एकत्रच विकल्या जातात, त्यामुळे बरीच वर्षं जावा खेळणाऱ्याकडेही बेडरॉक बहुधा असतेच. त्याने लाँचर उघडून डावीकडच्या यादीतून ती निवडायची आणि उतरवून घ्यायची. लॅपटॉप मॅक असेल तर मात्र गाडी इथेच अडते, कारण मॅकसाठी अधिकृतपणे फक्त जावा आहे. त्या मित्राने त्या रात्रीपुरता स्वतःचा फोन वापरावा. खेळ प्रत्येक यंत्रावर वेगळा विकत घ्यावा लागतो, हेही आधीच सांगून ठेवा. फोनवर घेतलेला खेळ कन्सोलवर आपोआप येत नाही.

पुढचं काम खात्याचं, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तिघांकडेही मायक्रोसॉफ्ट खातं हवं. पीएस ५वाल्यालाही हवं, प्लेस्टेशनचं खातं त्याच्याकडे असलं तरी. कन्सोलवर खेळ उघडून साइन-इन निवडलं की पडद्यावर एक पत्ता आणि कोड येतो. तो पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये उघडून कोड टाकायचा असतो. फसगत होते ती नेमकी इथे: त्या ब्राउझरमध्ये आधीपासून घरातल्या दुसऱ्या कुणाचं किंवा ऑफिसचं खातं उघडं असेल, तर कन्सोल त्याच खात्याला जोडला जातो. म्हणून ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, आपला ईमेल हाताने टाका आणि परवानगी देण्याआधी वर कोणतं नाव दिसतंय ते वाचा. प्लेस्टेशनवरची ही जोडणी नंतर सोडवणं त्रासाचं असतं, त्यामुळे इथे घाई नको.

खातं मुलाचं असेल तर आणखी एक पायरी आहे. मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब-गटातल्या मुलांच्या खात्यांना इतरांसोबत ऑनलाइन खेळण्याची परवानगी सुरुवातीला बंद असू शकते. ती पालकाने स्वतःच्या खात्यातून, एक्सबॉक्सच्या गोपनीयता-सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते. एक्सबॉक्सच्या बाहेरच्या यंत्रांवरील खेळाडूंसोबत खेळू द्यायचं की नाही, हा तिथला वेगळा पर्याय आहे. तो राहून गेला तर मूल खेळात शिरतं, पण मित्राचं जग त्याला उघडत नाही, आणि दोष इंटरनेटच्या माथी मारला जातो.

खाती झाली की गेमरटॅगची, म्हणजे त्या खात्यावरच्या खेळाडू-नावांची, देवाणघेवाण करा. नावामागे आकडे असतील तर तेही पाठवा, त्यांच्याशिवाय शोधात भलतीच माणसं समोर येतात. मैत्रीची विनंती पाठवून थांबू नका, समोरच्याने ती स्वीकारल्याची खात्री करा. शिवाय कन्सोलची सशुल्क ऑनलाइन सदस्यता पाहून ठेवा. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच तिघांवरही हा खेळ ऑनलाइन खेळायला ती लागते, लॅपटॉप आणि फोनवर लागत नाही. खूप दिवसांनी कन्सोल सुरू करणाऱ्याची सदस्यता कधीच संपलेली असते आणि ते त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

आता मुख्य निर्णय: जग कुणाच्या यंत्रावर उघडायचं. जो जग उघडतो तो यजमान. तो बाहेर पडला की सगळेच बाहेर पडतात. आमच्या त्रिकुटात मी लॅपटॉपलाच यजमान करीन, आणि फोनला तर नाहीच. फोनवर कॉल आला किंवा यजमानाने क्षणभर दुसरं ॲप उघडलं की खेळ मागे जाऊन थबकतो, आणि बाकीचे दोघे गोठलेल्या जगात उभे राहतात. दुसरं कारण कामाच्या ओझ्याचं. खेळ जगाचे १६ बाय १६ ब्लॉकचे तुकडे करतो, त्यांना चंक म्हणतात. प्रत्येक खेळाडूभोवती ठरावीक चंकांचा परिसर जिवंत ठेवावा लागतो: तिथली पिकं वाढतात, प्राणी फिरतात, पाणी वाहतं. किती चंक, ते `Simulation Distance` या सेटिंगने ठरतं. ते ४ ठेवलं तर प्रत्येकाभोवती सुमारे ६४ ब्लॉकपर्यंतचा भाग जागा राहतो. तिघे एकाच घरापाशी असतील तर परिसर एकमेकांवर पडतात आणि काम थोडक्यात भागतं. एक घरी, एक खाणीत आणि एक दूर वाळवंटात गेला की यजमानाच्या यंत्राला तीन वेगळे परिसर एकाच वेळी हाकावे लागतात. फोन अशा वेळी तापतो आणि सगळ्यांचीच हालचाल अडखळते. फोडलेला ब्लॉक पुन्हा जागेवर उगवला किंवा मारलेला झोंबी क्षणभर तसाच चालत राहिला, तर यजमानाला काम झेपत नाहीये असं समजा, किंवा त्याचं इंटरनेट कमी पडतंय. लॅपटॉपवर `Simulation Distance` ४ वरून सुरू करा, सगळं नीट चाललं तर ६ करा. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा, त्याची आपोआप झोपी जाण्याची सोय बंद असावी आणि जमल्यास इंटरनेट केबलने जोडलेलं असावं.

तिघांच्या वेळा जुळत नसतील, म्हणजे एकजण सकाळी खेळणार आणि दुसरा मध्यरात्री, तर यजमानाच्या भरवशावर राहू नका. त्यासाठी रिअल्म आहे: मासिक भाडं भरून घेतलेलं, कायम चालू असणारं जग. भाडं एकानेच भरायचं, बाकीचे निमंत्रणावर येतात. कन्सोलवाल्याची सदस्यता मात्र तरीही लागतेच. रिअल्मचा आणखी एक फायदा असा की सगळे एका सर्व्हरला जोडले जातात, त्यामुळे यजमानाच्या राउटरने वाट अडवण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त शनिवारच्या रात्रीपुरतं खेळायचं असेल तर हा खर्च करू नका.

जग तयार करतानाच मल्टिप्लेयरचा पर्याय चालू करा आणि प्रवेश `Friends Only` वर ठेवा. `Show Coordinates` सुरू करा, म्हणजे आपण जगात कुठे आहोत त्याचे आकडे पडद्यावर दिसतात. या त्रिकुटासाठी ही माझी आवर्जून शिफारस आहे, कारण फोनच्या छोट्या पडद्यावर दूरचं घर ओळखता येत नाही. आकडे दिसत असतील तर ‘एक्स १२०, झेड उणे ३४०ला ये’ एवढं सांगून भागतं. `Friendly Fire` बंद करा. टचवर खेळणाऱ्याची बोटं गर्दीत हमखास मित्रावर पडतात. अनोळखी कुणी येणार नसेल तर परवानग्या आहेत तशाच राहू द्या. झोपण्याबद्दलही आधी ठरवा: सेटिंग बदललं नसेल तर रात्र सरकायला सगळ्यांनाच पलंगावर जावं लागतं. एकजण चहाला उठून गेला, तर बाकीच्यांनी अंधार काढायचा.

अपडेटचा घोळ मात्र ऐनवेळी निघतो, म्हणून आदल्या रात्री पुन्हा पाहा. मुख्य पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा असतो, तिघांनी त्याचा फोटो काढून गटात टाकावा. नवी आवृत्ती सगळीकडे एकाच क्षणी पोचत नाही. फोन रात्रीतून आपोआप अपडेट होतो आणि कन्सोल मागे राहतो. येणाऱ्याला `Outdated client` असा संदेश दिसला तर त्याचा स्वतःचा खेळ जुना आहे, `Outdated server` दिसला तर यजमानाचा. त्यामुळे संदेशाचे शब्द नीट वाचा, म्हणजे नेमकं कुणी अपडेट करायचं ते लगेच कळतं. फोनवाल्याने प्ले स्टोअरमध्ये या एका खेळाचं आपोआप अपडेट होणं दोन दिवस बंद ठेवावं, कारण पुढे गेलेला फोन सहज मागे आणता येत नाही.

बोलण्याची सोय खेळात नाही, ती बाहेरून करावी लागते. पीएस ५, लॅपटॉप आणि फोन तिन्हीवर डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपचा आवाज चालतो. प्लेस्टेशनवर त्यासाठी डिस्कॉर्डचं खातं आधी जोडून ठेवावं लागतं. कुणी स्विचवर असेल तर त्याने बोलण्यासाठी शेजारी फोन ठेवावा. ज्याचा खेळ आणि गप्पा एकाच फोनवर आहेत, त्याने तारेचा हेडफोन घ्यावा. ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की तो फोन-कॉलच्या दर्जावर उतरतो, आणि खेळाचा आवाजही डबक्यातून आल्यासारखा होतो. त्यातून मागे येऊन स्फोट करणाऱ्या क्रीपर या राक्षसाची फुसफुस नेमकी हरवते. स्पीकरवर खेळलं तर बाकीच्यांना आपलाच आवाज परत ऐकू येतो.

शुक्रवारी दहा मिनिटांची तालीम घ्या. लॅपटॉपने जग उघडायचं, आधी फोनने शिरायचं आणि मग पीएस ५ने. दोघेही आत येत नसतील तर खोट यजमानाकडे शोधा: मल्टिप्लेयर बंद राहिलंय, प्रवेशाची पायरी चुकलीय किंवा विंडोजच्या फायरवॉलने खेळाला अडवलंय. एकच अडत असेल तर खोट त्याच्याकडे असते. फोन मोबाइल डेटावर असेल तर वाय-फाय लावून पाहा, कारण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्याआड ठेवतात आणि थेट जोडणी त्यात अडकू शकते. पीएस ५वर नेटवर्क-चाचणी चालवा. तिथे NAT प्रकार ३, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणारी स्थिती, दिसली तर अडचण त्याच्या राउटरमध्ये आहे. राउटरच्या सेटिंग्जमध्ये UPnP, म्हणजे खेळासाठी वाट आपोआप उघडणारी सोय, चालू करून कन्सोल पुन्हा सुरू करावा आणि चाचणी परत घ्यावी.

तालीम संपली की यजमानाने जगाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्याची प्रत काढून ठेवावी. विंडोज आणि अँड्रॉइडवरून जग `.mcworld` फाइल म्हणून बाहेर काढता येतं, कन्सोलवरून येत नाही. लॅपटॉपला यजमान करण्याचं हेही एक कारण आहे. पुढे कधी यजमान बदलायचा झाला, तर ती फाइल नव्या यजमानाच्या लॅपटॉपवर किंवा फोनवर उघडून खेळ तिथून पुढे नेता येतो.