इमारतीचं मराठी नाव ठेवताना या चुका टाळा

फोंड्यात आणि आसपास नवी सोसायटी झाली की नावाचा कागद घेऊन कोणीतरी माझ्या दारात येतं. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हापासूनचं हे आहे. निवृत्त होऊनही काही वर्षं झाली, पण कागद येणं थांबलेलं नाही आणि त्यावरच्या चुकाही त्याच आहेत. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

अर्थ न बघता नाव ठरवणं

कुर्टीच्या बाजूला सोळा फ्लॅटची एक इमारत झाली. सभासदांनी नाव ठरवलं ‘अनिकेत’. कानाला गोड, लिहायला सोपं, रोमन लिपीत Aniket, त्यातही घोळ नाही. सेक्रेटरी माझा जुना विद्यार्थी. तो मला फक्त अक्षरं तपासायला घेऊन आला होता. मी त्याला निकेत म्हणजे काय ते विचारलं. “घर,” तो म्हणाला. मग आधी ‘अ’ लावल्यावर काय झालं? त्यावर त्याला काही बोलता येईना.

निकेत म्हणजे घर, आणि अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचं वर्णन करताना ‘अनिकेतः स्थिरमतिः’ असं म्हटलं आहे. कुठल्याही घराची आसक्ती नसलेला, स्थिर बुद्धीचा, असा त्याचा अर्थ. शंकरालाही अनिकेत म्हणतात. मुलाचं नाव म्हणून ते सुंदरच आहे, कारण तिथे ते देवाचं आणि विरक्तीचं नाव असतं. पण सोळा कुटुंबांनी कर्ज काढून घेतलेल्या घरांवर ‘बेघर’ असा शब्द कोरायचा?

चूक कुठून आली तेही सांगते. त्यांनी मुलांच्या नावांची यादी उघडली होती. तिथे ‘अनिकेत : शंकर, जगाचा स्वामी’ असं लिहिलेलं होतं. अशा याद्या नाव कोणत्या देवाचं ते सांगतात, शब्दाचा अर्थ काय ते सांगत नाहीत. इमारतीला लागतो तो शब्दाचा अर्थ.

मी हे सगळं त्याला समजावलं. तो म्हणाला, “कसलो फरक पडटा, बाई? दगड उद्या कोरपाचो आसा.” नोंदणीचे कागदही त्याच नावाने गेले होते. दगड कोरला गेला. पुढे वास्तुशांतीला आलेल्या भटजींनी गेटवरचं नाव वाचून तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारला आणि त्यानंतर घराघरांत कुरबूर सुरू झाली. एका आजीने तर सुनेला सांगून टाकलं की या नावाच्या घरात मी देव मांडणार नाही. शेवटी नाव बदलायचं ठरलं.

आता बदलणं म्हणजे काय ते ऐका. गोव्यात सोसायटी 2001 च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखाली नोंदवलेली असते आणि तिचं नाव उपविधीत लिहिलेलं असतं. नाव बदलायचं तर सर्वसाधारण सभा बोलवायची, उपविधी दुरुस्तीचा ठराव करायचा आणि ती दुरुस्ती निबंधकांकडे नोंदवून घ्यायची. त्यानंतर बँकेचं खातं, शिक्का, लेटरहेड, वीजबिल. या मंडळींचे आठ महिने त्यात गेले. कोशात शब्द बघायला पाच मिनिटं लागली असती. घाईने नाव ठरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो तो यासाठी.

नवं नाव आम्ही माझ्या ओटीवर बसून काढलं. त्यांना जुन्या नावाच्या जवळचंच हवं होतं, म्हणून ‘अ’ काढून ‘श्री’ लावला : श्रीनिकेत. श्री म्हणजे लक्ष्मी, शोभा, समृद्धी, आणि निकेत म्हणजे तिचं घर. अर्थ मंगल झाला, अक्षरं चारच राहिली.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. शब्द फोडायचा आणि दोन्ही तुकड्यांचा अर्थ संस्कृत-मराठी कोशात वेगवेगळा बघायचा. पुढे अ, अन्, निर् किंवा वि असेल तर जास्त सावध राहायचं. पण तेवढ्यावरून निकालही द्यायचा नाही. अनंत शुभ आहे, विमल शुभ आहे. म्हणून तुकडे बघून झाले की अखंड शब्दही बघायचा. पर्वरीच्या एका बिल्डरला ‘विलय’ हवं होतं, कारण त्यात त्याला व्हिला ऐकू येत होता. ‘निलय’ म्हणजे घर, ‘विलय’ म्हणजे विरून जाणं, नाश. एका अक्षराने केवढा फरक पडतो बघा.

कोशात चांगला असलेला शब्द व्यवहारात वेगळ्या जागी बसलेला असतो, तेही ध्यानात ठेवा. मुक्तिधाम आणि वैकुंठधाम यांचा अर्थ पवित्रच आहे, पण गावोगावच्या स्मशानांना ही नावं दिलेली आहेत. रिक्षावाल्याला सांगताना सुनेला अवघड होईल असं नाव घराला देऊ नये.

प्रसाद आणि प्रासाद हे दोन वेगळे शब्द आहेत. देवाची कृपा तो प्रसाद, राजवाडा तो प्रासाद. ‘साईप्रसाद’ बरोबर, पण महाल म्हणायचा असेल तर ‘राजप्रासाद’ लिहा.

ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं

दहातल्या सहा पाट्यांवर इथे चूक असते आणि ती ग्रॅनाइटमध्ये कोरलेली असते, म्हणजे पुसताही येत नाही. रोज येता-जाता मुलं तेच वाचतात आणि वहीत तसंच लिहितात. मी वह्या तपासलेल्या आहेत, म्हणून सांगते.

शांती, कीर्ती, समृद्धी, सिद्धी हे शब्द मराठीत एकटे असले की शेवटची वेलांटी दीर्घ. मात्र समासात पहिले आले की मूळ संस्कृतप्रमाणे ऱ्हस्व. म्हणून घर एकटं ‘शांती’, पण ‘शांतिसदन’. तसंच कीर्तिकुंज, सिद्धिविनायक. गुरू एकटा दीर्घ, पण गुरुकृपा. विष्णू दीर्घ, पण विष्णुप्रसाद. उलट लक्ष्मी, गौरी, सरस्वती, पार्वती हे शब्द संस्कृतातच दीर्घ आहेत, ते कुठेही ऱ्हस्व होत नाहीत. लक्ष्मीनिवास, गौरीनंदन. काहीजण सुटकेसाठी ‘शांती सदन’ असं तोडून लिहितात. मला ते आवडत नाही, समास जोडूनच शोभतो. पण ‘शांतीसदन’ कोरण्यापेक्षा ते बरं.

‘समृद्धी’ दगडावर जवळून बघा. बरोबर अक्षरात आधी द आणि मग ध : द, पाय मोडायचा, ध. बऱ्याच फाँटमध्ये द च्या पोटाखाली छोटा ध लटकलेला दिसतो. चुकीच्या पाटीवर डावीकडे अर्धा ध आणि उजवीकडे पूर्ण द उभा असतो, ‘समृध्दी’. तोंडाने सावकाश म्हणून बघा, जीभ आधी द वरच जाते. ‘उज्ज्वल’मध्ये ज दोनदा येतो, दुसरा व ला जोडून. ‘अन्नपूर्णा’चा पू दीर्घ.

आणि ‘आर्शिवाद’. ही पाटी मी म्हापशात पाहिली, मडगावात पाहिली, साखळीत पाहिली. र चा उच्चार शी नंतर होतो, आ-शी-र्वा-द, म्हणून रफार वा वर येतो आणि शी दीर्घ. रफार नेहमी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, एवढं लक्षात ठेवलं तर ही चूक होत नाही.

कधीकधी तुम्ही बरोबर लिहून देता आणि पाटीवाल्याकडे बिघडतं. मोबाईलवरून पाठवलेला मजकूर जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकते, रफार सुटून र् असा वेगळा उभा राहतो. पाटीवाल्याला मराठी येत नसेल तर त्याला ते दिसतही नाही. म्हणून मजकुराबरोबर मोठ्या अक्षरांत हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो द्या आणि कोरण्याआधी त्याच्याकडून पीडीएफ मागवून अक्षर न् अक्षर बघा. नुसतं फोनवर “ठीक आहे” म्हणू नका.

रोमन लिपीतलं स्पेलिंग

गोव्यात ही अडचण जास्त, कारण इथे रोमन अक्षरांच्या दोन सवयी शेजारी-शेजारी आहेत. पोर्तुगीज वळणात श साठी x लिहितात, म्हणून शांती Xanti होते. ग कठोर राहावा म्हणून g नंतर u घालतात, म्हणून मंगेशी Mangueshi अशीही दिसते. कवळे तर Queula. नव्या पिढीला Sh आणि साधा g सवयीचा. दोन्ही बरोबर आहेत, पण एका सोसायटीने एकच निवडायचं.

एका इमारतीत मी ‘श्री’ तीन प्रकारे पाहिला : पाटीवर Shree, वीजबिलावर Shri, एका विक्रीखतावर Sri. फ्लॅट विकताना बँकेने ही एकच इमारत कशावरून, असं विचारलं आणि प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ज्ञ असलेलं नावही जपून ठेवा. आपण Dny लिहितो, हिंदी बोलणारा पार्सलवाला Gy शोधतो. ऋ चंही तसंच, Rutu की Ritu.

मी काय करायला सांगते ते लिहिते. ठरलेलं नाव फोनवरून पाच जणांना सांगा आणि त्यांना रोमनमध्ये लिहून पाठवायला सांगा. त्यात एकतरी कोकणी बोलणारा, एकतरी हिंदी बोलणारा असू दे. पाच जणांनी पाच तऱ्हा केल्या तर नाव बदला. ‘श्रीनिकेत’ला चौघांनी Shriniket लिहिलं, एकाने Shreeniket. चौघांचं घेतलं.

त्यानंतर नाव साध्या कागदावर मोठं छापून गेटला चिकटवा आणि पंधरा दिवस राहू द्या. सिलिंडरवाला ते कसं वाचतो, मुलं त्याचं काय करतात, आजीला काय वाटतं, सगळं तेवढ्यात कळतं. कागद काढायला पैसे लागत नाहीत.

सभेच्या ठरावात नाव देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत, पाटीवर येणार तसंच, ऱ्हस्व-दीर्घासकट लिहा आणि अध्यक्ष-सेक्रेटरींच्या सह्या घ्या. बिल्डरकडे, पाटीवाल्याकडे, वीज खात्याच्या अर्जासोबत त्या ठरावाचीच झेरॉक्स जाऊ द्या. तोंडी नाव कुठेच सांगू नका. श्रीनिकेतच्या मंडळींनी दुसऱ्या वेळी असंच केलं. दगडाऐवजी त्यांनी पितळेची सुटी अक्षरं बसवली, एखादं बदलावं लागलं तर बदलता यावं म्हणून. अजून एकही बदलावं लागलेलं नाही.