ब्लँकपासून शोधमर्यादेपर्यंत: लोहमापनासाठीची तयारी

पाण्यातील लोहाचे मापन फेनँथ्रोलिन पद्धतीने करताना शोधमर्यादा आणि परिमाणमर्यादा, म्हणजे रोजच्या बोलण्यातील एलओडी आणि एलओक्यू, काढायच्या असतील, तर सूत्र एका ओळीचे आहे आणि तयारी मात्र दोन-तीन दिवसांची. ब्लँकच्या वाचनांचे प्रमाण विचलन s आणि अंशांकन रेषेचा उतार m हाती आला की शोधमर्यादा 3.3 × s / m आणि परिमाणमर्यादा 10 × s / m एवढी येते. या भागाकाराला अर्थ आहे की नाही, हे s मध्ये नेमके काय काय मावले आहे त्यावर ठरते, म्हणून खालील तयारीचा बराचसा भाग ब्लँकविषयी आहे.

सुरुवात काचसामानापासून करावी. लोह सर्वत्र असते. साध्या धुण्याने फ्लास्कच्या भिंतीवरील लोह जात नाही, म्हणून सर्व व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, पिपेट आणि उकळण्याची भांडी हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन शुद्ध पाण्याने अनेकदा खळबळून ठेवावीत. त्यानंतर अभिकर्मके एकाच वेळी, संपूर्ण कामाला पुरतील एवढी करावीत: हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड, फेनँथ्रोलिनचे द्रावण आणि अमोनियम ॲसिटेटचे बफर. यातील बफरवर विशेष लक्ष असावे, कारण चांगल्या प्रतीच्या अमोनियम ॲसिटेटमध्येही मोजता येईल इतके लोह असते. काम अर्धे झाल्यावर बफरची नवी बाटली उघडली, तर ब्लँकची सरासरी एकदम सरकते आणि त्या दोन बाटल्यांमधला फरक s मध्ये शिरतो.

आता ब्लँक तयार करण्याचा क्रम. प्रत्येक ब्लँकसाठी नमुन्याच्या जागी ५० मिलिलिटर शुद्ध पाणी वेगळ्या भांड्यात घ्यावे, त्यात नमुन्याइतकेच आम्ल आणि हायड्रॉक्सिलअमाइन घालावे, नमुन्याइतकाच वेळ उकळावे, थंड करून बफर व फेनँथ्रोलिन घालावे, १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरावे, रंग स्थिर होण्यासाठी १० ते १५ मिनिटे थांबावे आणि ५१० नॅनोमीटरवर वाचन घ्यावे. असे किमान १० ब्लँक करावेत, आणि शक्य असेल तर ते एका बैठकीत न करता तीन दिवसांत विभागावेत, म्हणजे दिव्याचा, तापमानाचा आणि हाताचा रोजचा फरकही मोजला जाईल. एकच ब्लँक करून तोच क्युव्हेट दहा वेळा वाचणे म्हणजे दहा ब्लँक नव्हेत. ही चूक मी स्वतः केली आहे: एका क्युव्हेटच्या दहा वाचनांचे प्रमाण विचलन ०.०००२ आले आणि त्यावरून काढलेली शोधमर्यादा खऱ्या मर्यादेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी निघाली, कारण त्या आकड्यात फक्त उपकरणाचा गोंगाट होता आणि पिपेट, उकळणे, भांडी व अभिकर्मके यांपैकी काहीही नव्हते.

वाचन घेण्याआधी स्पेक्ट्रोफोटोमीटरबद्दल दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. शून्य शुद्ध पाण्यावर लावावे, अभिकर्मकांच्या ब्लँकवर नव्हे. अन्यथा ब्लँकची स्वतःची पातळी कधी दिसतच नाही. दुसरे, उपकरण ॲब्सॉर्बन्स चार दशांश स्थळांपर्यंत दाखवते का, हे तपासावे. तीनच स्थळे दिसत असतील तर ब्लँकची वाचने ०.००६, ०.००७, ०.००६ अशी ठरावीक पायऱ्यांवर येतात; s मग रसायनाबद्दल न सांगता आकडे पूर्णांकित करण्याच्या पद्धतीबद्दल सांगतो, आणि सगळी वाचने सारखी आली तर शोधमर्यादा चक्क शून्य येते. अशा वेळी जास्त लांबीचा क्युव्हेट घेणे हा चांगला उपाय आहे, मात्र मग उतारही त्याच क्युव्हेटमध्ये मोजावा लागतो.

अंशांकन रेषेसाठी स्टँडर्ड खालच्या पट्ट्यातच निवडावीत. ज्या ठिकाणी मर्यादा शोधायची आहे त्याच्या आसपासचा उतार आपल्याला हवा आहे, आणि लिटरला ४ मिलिग्रॅमपर्यंत ताणलेल्या रेषेत वरचे एक-दोन बिंदू उतार स्वतःकडे ओढून घेतात. अंतिम द्रावणात ०.०५ ते ०.५० मिलिग्रॅम प्रति लिटर या दरम्यान सहा पातळ्या पुरेशा होतात, आणि त्यांनाही ब्लँकप्रमाणेच उकळण्यासकट सर्व टप्प्यांतून न्यावे. उताराची एक झटपट खातरजमा करता येते: या लाल-नारिंगी संयुगाची मोलर शोषकता सुमारे ११,१०० असल्याने एक सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये प्रति मिलिग्रॅम प्रति लिटर सुमारे ०.१९९ ॲब्सॉर्बन्स अपेक्षित आहे. उतार ०.१५ आला तर पुढे जाऊ नये. आम्लता, अपुरे क्षपण किंवा चुकीचे विरलीकरण यांपैकी कारण सापडेपर्यंत s मोजण्यात अर्थ नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. दहा ब्लँकची वाचने, ज्या क्रमाने घेतली त्याच क्रमाने, अशी होती: ०.००६२, ०.००७१, ०.००५८, ०.००६६, ०.००७५, ०.००६०, ०.००६९, ०.००५४, ०.००७३, ०.००६२. ती आधी कागदावर क्रमाने मांडून पाहावीत, कारण वाचने सतत चढत गेली तर दिवा पुरेसा तापलेला नाही किंवा क्युव्हेटच्या भिंतीवर रंग साचत आहे असा संशय घ्यावा लागतो, आणि तो चढ यादृच्छिक विचलन म्हणून सूत्रात घालणे योग्य नाही. येथे तसा कल दिसत नाही. सरासरी ०.००६५ आणि प्रमाण विचलन ०.०००६९ येते. स्प्रेडशीटमध्ये STDEV.S वापरावे, STDEV.P दहाने भागते आणि ०.०००६६ देते, जे थोडे पण नेहमी एकाच दिशेने कमी असते. उतार ०.१९८ धरला तर s / m हे ०.००३५ येते, आणि म्हणून अंतिम द्रावणातील शोधमर्यादा ०.०१२ व परिमाणमर्यादा ०.०३५ मिलिग्रॅम प्रति लिटर होते.

येथे थांबू नये, कारण हे आकडे १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमधील द्रावणाचे आहेत. नमुना त्यात ५० मिलिलिटरच होता, त्यामुळे मूळ पाण्यासाठी दोन्ही मर्यादा दुप्पट, म्हणजे सुमारे ०.०२३ आणि ०.०७० धराव्या लागतात. उताराच्या आडव्या अक्षावर कोणती सांद्रता आहे, अंतिम द्रावणाची की मूळ नमुन्याची, हे आलेखाच्या शीर्षकात लिहून ठेवले म्हणजे हा दोनचा गुणक विसरला जात नाही किंवा दोनदा लावला जात नाही.

दुसरी नेहमीची गफलत सरासरीची. ब्लँकची सरासरी अधिक ३.३ × s ही सिग्नलची पातळी आहे, म्हणजे येथे ०.००८८, तिला थेट उताराने भागले तर ०.०४४ येते, जे योग्य आकड्याच्या जवळजवळ चौपट आहे. सांद्रतेकडे वळताना ब्लँकची सरासरी आधी वजा झालेली असते, म्हणून मर्यादेत फक्त विचलन उरते. अर्थात ब्लँकची सरासरी जास्त असणे निरुपद्रवी आहे असे नव्हे. अभिकर्मकांत लोह जास्त असले की विचलनही सहसा वाढते.

काही प्रयोगशाळा ३.३ ऐवजी ३ वापरतात, आणि दोन्ही चालते, फक्त कोणता वापरला ते लिहावे. ३.३ हा आकडा १.६४५ च्या दुपटीतून येतो. ब्लँकला चुकून लोह म्हणण्याची शक्यता ५ टक्के ठेवण्यासाठी एक १.६४५ आणि खरे लोह असताना ते हुकण्याची शक्यता ५ टक्के ठेवण्यासाठी दुसरा. यातून एक गोष्ट निघते जी अहवालात बहुतेक वेळा उलटी लिहिली जाते: लोह आहे की नाही हा निर्णय ज्या उंबरठ्यावर घ्यायचा तो शोधमर्यादेच्या अर्ध्यावर, येथे सुमारे ०.०११५ वर आहे. शोधमर्यादेलाच उंबरठा मानले, तर ज्या नमुन्यात बरोबर तेवढे लोह आहे तो साधारण निम्म्या वेळा ‘आढळले नाही’ म्हणून बाहेर पडेल.

दहा ब्लँक पुरेसे आहेत का, याचे उत्तर आकड्यातच आहे. दहा वाचनांवरून काढलेल्या प्रमाण विचलनाचे खरे मूल्य, ९५ टक्के विश्वासाने, त्याच्या सुमारे ०.६९ ते १.८३ पट असू शकते; म्हणजे ०.०२३ ही शोधमर्यादा खरे तर ०.०१६ ही असू शकते आणि ०.०४२ ही. म्हणून ०.०२३१ असे लिहू नये, आणि तीन ब्लँकवरून तर मर्यादा काढूच नये, कारण तेथे वरची बाजू सहापटीच्याही पुढे जाते. दहापैकी एक वाचन ०.०१९० आले तर ते गैरसोयीचे आहे म्हणून वगळू नये. भांड्याचा क्रमांक, पिपेट, वेळ यांच्या नोंदींत दूषितीकरणाचे कारण सापडले तरच ते काढावे आणि त्या जागी नवा ब्लँक करावा. कारण सापडले नाही तर तेही आपल्या पद्धतीचे वागणेच समजावे.

शेवटची तयारी पडताळणीची. ज्या प्रकारचे पाणी तपासायचे आहे, पण ज्यात लोह नगण्य आहे, असे पाणी घेऊन त्यात परिमाणमर्यादेइतके, म्हणजे ०.०७० मिलिग्रॅम प्रति लिटर लोह घालावे आणि सहा स्वतंत्र नमुने पूर्ण पद्धतीने तपासावेत. आमच्याकडे ०.०६६, ०.०७६, ०.०६२, ०.०८०, ०.०७२ आणि ०.०७० असे निकाल आले, सरासरी ०.०७१ आणि सापेक्ष विचलन सुमारे ९ टक्के. दहाच्या गुणकाचा अर्थच सुमारे १० टक्के विचलन असा असल्याने हे जुळते. हेच विचलन २० टक्के आले असते, तर ब्लँकमध्ये न दिसणारा एखादा गोंगाट खऱ्या पाण्यात आहे असे समजून परिमाणमर्यादा वर न्यावी लागली असती. सरासरी सातत्याने कमी आली तर त्या पाण्यातील उतार स्टँडर्डच्या उतारापेक्षा कमी असण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच पाण्यात लोहाच्या वाढत्या मात्रा घालून उतार पुन्हा मोजावा आणि सूत्रात तोच वापरावा.

ज्या पद्धतीत ब्लँकला सिग्नलच येत नाही, उदाहरणार्थ क्रोमॅटोग्राफीत शिखरच उमटत नाही, तेथे ही वाट चालत नाही आणि अगदी कमी मात्रेच्या नमुन्यांचे विचलन घ्यावे लागते. लोहाच्या या पद्धतीत तसा प्रश्न नाही. नोंदवहीत दहाही वाचने, त्यांचा क्रम व तारखा, उतार, क्युव्हेटची लांबी, दोनचा गुणक आणि बफरच्या बाटलीचा क्रमांक लिहावा. ती बाटली संपून नवी उघडली की स्टँडर्डही नव्याने करावीत आणि ब्लँकही.