काम संपलं, पैसे आले. आता केस स्टडी लिहा

फ्रीलान्सरच्या पोर्टफोलिओत बहुतेक वेळा संपलेल्या कामाचा एक चकचकीत स्क्रीनशॉट असतो आणि खाली ‘वेबसाइट रिडिझाइन’ एवढीच ओळ. पाहणाऱ्याला त्यातून साइट बरी दिसते इतकं कळतं. तुम्हाला काम द्यायचं की नाही हे ठरवायला त्याला वेगळंच हवं असतं: अडचण काय होती, तुम्ही काय ठरवलं, ते का ठरवलं आणि त्याने काय बदललं. हे अडीचशे-तीनशे शब्दांत बसतं, आणि यालाच केस स्टडी म्हणतात.

एकच काम घेऊन ते पायरी-पायरीने करून बघू. समजा, गुहागरच्या बाजूला चार खोल्यांचं होमस्टे आहे. काका-काकू ते चालवतात. जुन्या साइटवर पहिल्याच पानावर पाच फोटोंचा स्लायडर, प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून काढला तसाच चढवलेला, चार-साडेचार एमबीचा. फोन नंबर बॅनरच्या चित्रातच छापलेला, त्यामुळे त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. तुम्ही साइट नव्याने केलीत. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. कृती मात्र खऱ्या कामात हीच.

१. आधीची अवस्था पकडून ठेवा

खरं तर ही पायरी काम सुरू करण्याआधीची. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स साइटच्या वेगाची आजची चाचणी घेतं, मागच्या महिन्याची साइट त्याला आता तपासता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मोबाइलच्या टॅबवर चाचणी तीनदा चालवा आणि मधला आकडा घ्या, कारण दर वेळी निकाल थोडा इकडेतिकडे होतो. जुन्या पानांचे मोबाइलवरचे स्क्रीनशॉट काढा आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून पानाचं एकूण वजन टिपा. दहा मिनिटांचं काम आहे.

हे राहून गेलं असेल, आणि पहिल्या केस स्टडीच्या वेळी ते हमखास राहतं, तर दोन वाटा आहेत. web.archive.org वर जुन्या साइटची प्रत सापडते का पाहा. सापडली तरी ती फक्त दाखवायला वापरा, तिच्यावर वेग मोजू नका, कारण ती त्यांच्या सर्व्हरवरून येते. दुसरी वाट म्हणजे काम सुरू करताना घेतलेला बॅकअप. तो स्वतःच्या मशिनवर उघडला तर उघडायला लागणारा वेळ खरा येणार नाही, पण पानाचं वजन खरं येईल. तेवढं पुरतं. फक्त ‘बॅकअपवरून मोजलेलं’ असं लिहायला लाजू नका.

२. क्लायंटला फोन करा, फॉर्म पाठवू नका

‘काम कसं वाटलं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘छान झालंय हो.’ ते कुठल्याही कामाखाली चिकटवता येतं, म्हणून निरुपयोगी. त्याऐवजी विचारा: आधी रोज कशाचा त्रास व्हायचा? आता काय करावं लागत नाही? आणि अजून काय जमलेलं नाही?

काकू बहुधा पानाच्या वेगाबद्दल काहीच बोलणार नाहीत. त्या म्हणतील, ‘अहो, जेवण शाकाहारी मिळतं का आणि गाडी दारापर्यंत येते का, हे दिवसातून दहा वेळा सांगायला लागायचं. आता लोक वाचून फोन करतात.’ केस स्टडीचा गाभा इथे आहे. तुम्ही ज्याला फोटोंचं काम समजत होतात, ते त्यांच्या दृष्टीने फोनचं काम होतं. वाक्य त्यांच्याच शब्दांत लगेच लिहून घ्या. नंतर आठवून लिहिलं की ते जाहिरातीसारखं होतं.

३. एकच निर्णय निवडा

या कामात तुम्ही वीस गोष्टी केल्या असतील. फोटो १६०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपीमध्ये बदललेत, स्लायडर काढून एकच फोटो ठेवलात, नंबर दाबता येईल असा केलात, फॉन्ट बदललात, प्रश्नोत्तरांचं पान जोडलंत. सगळ्याची यादी दिली तर ती बिलासारखी दिसते.

जिथे दुसरा रस्ताही शक्य होता आणि तुम्ही तो घेतला नाहीत, तो निर्णय शोधा. इथे तो असा: काकांना ऑनलाइन बुकिंग हवं होतं. पण खोल्या चारच, त्या बुकिंगच्या एका बाहेरच्या साइटवरही लावलेल्या, आणि रजिस्टर वहीत. दोन्हीकडची कॅलेंडरं जुळवली नाहीत तर एकच खोली दोघांना जाणार, आणि लाँग वीकेंडला रात्री नऊ वाजता दारात दोन कुटुंबं उभी राहणार. म्हणून तुम्ही बुकिंगऐवजी व्हॉट्सअॅपवर चौकशी सुचवलीत. पोर्टफोलिओ वाचणाऱ्याला तुमचं डोकं कसं चालतं हे इथे दिसतं. फॉन्ट कुणालाही बदलता येतो.

पर्याय नाकारल्याची किंमतही लिहा: रात्री अकराला खोली पक्की करू पाहणाऱ्या पाहुण्याला सकाळपर्यंत थांबावं लागतं. हे लपवलंत तर जाणकार वाचक ते स्वतःच ओळखतो.

४. निकाल: तुमच्यामुळे काय झालं, आणि काय नुसतं घडलं

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. साइट सप्टेंबरात सुरू झाली, दिवाळीत चौकशा दुप्पट झाल्या, आणि फ्रीलान्सर लिहितो: ‘चौकशांमध्ये १०० टक्के वाढ.’ कोकणात पावसाळ्यानंतर दिवाळीला चौकशा वाढतातच, साइट असो वा नसो. हॉटेल किंवा होमस्टे चालवणारा कुणीही हे वाचून हसेल, आणि नेमका तोच तुमचा पुढचा गिऱ्हाईक असू शकतो.

म्हणून निकालाचे दोन कप्पे करा. पहिल्यात थेट तुमच्या हातचं: पहिलं पान २२ एमबीवरून १.४ एमबीवर आलं, आणि मोबाइलच्या चाचणीत मुख्य फोटो दिसायला लागणारा वेळ ११.८ सेकंदांवरून २.३ सेकंदांवर आला. या मोजमापाला एलसीपी म्हणतात, आणि गूगल २.५ सेकंदांपर्यंतचा वेळ चांगला मानतं. हा आकडा चाचणीतला आहे, खऱ्या पाहुण्यांच्या फोनवरचा नाही. इतक्या छोट्या साइटला पुरेशी वर्दळ नसल्याने खऱ्या वापराची आकडेवारी पेजस्पीडवर बहुधा दिसतच नाही. ‘चाचणीत’ हा एक शब्द लिहिला की हिशेब सरळ राहतो.

दुसऱ्या कप्प्यात धंद्यावरचा परिणाम. तो मोजायचा असेल तर सोय आधीच करून ठेवावी लागते. व्हॉट्सअॅपच्या बटणात तयार मजकूर टाकता येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=वेबसाइट%20पाहून%20विचारत%20आहे
```

मग काकूंच्या फोनवर हे वाक्य शोधलं की साइटवरून आलेल्या चौकशा मोजता येतात. काही जण मजकूर पुसून स्वतःचं लिहितात, म्हणजे हा आकडा कमीत कमी आहे असं समजा. पण आधी मोजलंच नव्हतं, त्यामुळे ‘इतके टक्के वाढ’ म्हणता येणार नाही. ‘ऑक्टोबर-नोव्हेंबरात साइटवरून किमान ३१ चौकशा आल्या, आधीची मोजणी उपलब्ध नाही’ असं म्हणता येईल. गूगलच्या शोधातून आलेल्या क्लिक्सची तुलना करायची असेल तर सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा डेटा राहतो. साइट तिथे आधीपासून जोडलेली असेल तर याच महिन्याची मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करा. मागच्या महिन्याशी नको.

५. आता लिहा

एवढं हाताशी असलं की लिखाण अर्ध्या तासाचं. आपल्या उदाहरणाचा मसुदा असा होईल:

> चार खोल्यांचं होमस्टे: २२ एमबीचं पान १.४ एमबीवर, आणि रोजचे तेच प्रश्न पानावर
>
> गुहागरजवळच्या एका कौटुंबिक होमस्टेची साइट मोबाइलवर उघडायला वेळ घ्यायची. फोन नंबर चित्रात होता. जेवण, रस्ता, पार्किंग हे प्रश्न फोनवर पुन्हा पुन्हा यायचे.
>
> मालकांना ऑनलाइन बुकिंग हवं होतं. खोल्या बाहेरच्या एका साइटवरही होत्या आणि नोंदी वहीत, त्यामुळे दुहेरी बुकिंगचा धोका होता. म्हणून आम्ही व्हॉट्सअॅप चौकशी आणि प्रश्नोत्तरांचं पान निवडलं. रात्री उशिरा खोली लगेच पक्की होत नाही, ही या निवडीची मर्यादा.
>
> मोबाइलच्या चाचणीत मुख्य फोटो दिसण्याचा वेळ ११.८ सेकंदांवरून २.३ सेकंदांवर आला. पहिल्या दोन महिन्यांत साइटवरून किमान ३१ चौकशा आल्या. आधीची मोजणी उपलब्ध नाही.
>
> ‘आता लोक वाचून फोन करतात.’ – होमस्टेच्या मालकीणबाई
>
> माझं काम: रचना, मजकूर, बांधणी. फोटो: क्लायंटने काढून घेतलेले. वेळ: तीन आठवडे.

शेवटची ओळ गाळू नका. फोटो दुसऱ्याचे असतील आणि तुम्ही गप्प राहिलात, तर पुढचा क्लायंट फोटोंसाठीच तुम्हाला बोलावेल. जुन्या साइटबद्दल एकही वाईट विशेषण नाही, हेही पाहा. अशी साइट बऱ्याचदा घरातल्याच कुणीतरी, पुतण्याने वगैरे, हौसेने केलेली असते, आणि केस स्टडी तो पुतण्याही वाचतो.

६. परवानगी मसुद्यावर घ्या

‘पोर्टफोलिओत टाकू का?’ असं मोघम विचारलं तर लोक हो म्हणतात आणि नंतर आकडे पाहून दचकतात. पूर्ण मसुदा आणि लावायची चित्रं पाठवा, आणि सोबत असा निरोप:

> नमस्कार काकू, आपल्या कामाबद्दल हे लिहिलंय. यातले चौकशांचे आकडे, तुमचं वाक्य आणि दोन फोटो माझ्या पोर्टफोलिओत दाखवले तर चालेल का? होमस्टेचं नाव लिहू की नको? काही काढायचं असेल तर सांगा, तसं करतो.

उत्तर लेखी येऊ द्या. व्हॉट्सअॅपवरचा ‘हो, चालेल’ जपून ठेवला तरी पुष्कळ आहे. फोटोंचं वेगळं विचारायचं कारण असं की वेगळा करार नसेल तर आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो, म्हणजे इथे काका-काकू. चॅटचा स्क्रीनशॉट लावणार असाल तर पाहुण्यांची नावं आणि नंबर झाका. पुसट करण्यापेक्षा त्यावर गडद पट्टी टाकलेली बरी, कारण पुसट केलेले आकडे कधी कधी ओळखता येतात.

क्लायंट नाही म्हणाला, किंवा करारात गोपनीयतेचं कलम असेल, तर नुसतं नाव काढून भागत नाही. ‘गुहागरजवळचं चार खोल्यांचं होमस्टे’ हे वर्णनच पुरेसं ओळखू येतं. त्याचं ‘किनाऱ्यावरचा छोटा निवास व्यवसाय’ करा, चौकशांचा आकडा आणि स्क्रीनशॉट काढा, निर्णयाचा परिच्छेद ठेवा, आणि तोही पुन्हा दाखवून होकार घ्या. पुढच्या कामापासून कोटेशनमध्येच पोर्टफोलिओची एक ओळ घाला, म्हणजे हा विषय सुरुवातीलाच निघेल.

लावताना चालू साइटच्या लिंकवर विसंबू नका. वर्षभरात काका दुसऱ्या कुणाकडून ती बदलून घेतील किंवा डोमेनचं नूतनीकरण विसरतील. आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही चित्रं स्वतःकडे ठेवा, केस स्टडीखाली मोजणीचा महिना लिहा, आणि पुढच्या दिवाळीनंतर काकूंना एक फोन करा. तेव्हा त्याच दोन महिन्यांच्या चौकशा मोजल्या की आज न देता आलेली तुलना देता येईल.